एक शेंग शंभर रुपयाला

भाजीचा ट्रक गुरुवारी दुपारी येतो, एवढी साधी गोष्ट कळायला मला इथं तीन वर्षं लागली. तोवर मी आपली नेमानं शनिवारी जायची आणि शनिवारपर्यंत जे काय बरं असतं ते लोकांनी उचललेलं असायचं, मागं उरायची ती सुकलेली गवार आणि कुणीतरी टोकं मोडून परत टाकलेली भेंडी. (टोक मोडून भेंडी बघायची आणि मग घ्यायचीच नाही, ही आपली सवय आपण विमानात घालून इकडंपण आणलीय.) आता कोलंबसमध्ये नऊ वर्षं झाली, ओहायोतल्या थंडीत किती वाजता निघालं की रस्ता साफ असतो हेसुद्धा कळतं, म्हणून गेल्या गुरुवारी ऑफिसमधून लवकर सटकले आणि चार वाजता इंडियन ग्रोसरीत पोचले. बाहेर उणे सात, बुटाला चिखलबर्फ, नाक लाल.

आणि दारातच वास आला. त्या दुकानात एरवी उदबत्ती, आट्याची पोती आणि फ्रीजरचा थंडगार प्लॅस्टिकचा वास असं सगळं मिसळून येतं, त्यात हा वेगळा होता, हिरवा आणि जरा कडवट. मी ढोकळ्याच्या पिठापाशी उभी राहून चक्क हुंगत होते. मग भाजीच्या बाजूला गेले तर एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कढीपत्ता, पाकिटातला नाही, सुटा. पाकिटातल्याची मला खात्री नसते, आतून पाण्याचे थेंब दिसले की समजायचं दोन दिवसांत पानं काळी पडणार. हा मात्र कोरडा होता, गर्द हिरवा, वरची पानं चकाकत होती. मी नखानं एक पान चिरलं, बोटं नाकाशी नेली, आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी वगैरे काही आलं नाही, तोंडाला मात्र सुटलं.

त्याच्याच शेजारी शेवग्याच्या शेंगा. ताज्या. लांबसडक, खोक्यात मावत नव्हत्या म्हणून तिरप्या घातलेल्या.

इथं शेंगा मिळतात त्या फ्रोझन, बोटबोटभर तुकडे केलेल्या. वाईट असतात असं नाही, वेळ निभावते, पण गोठवताना गराचा पार लगदा होतो, आमटीत टाकल्या की गर सुटून जातो आणि हातात नुसती साल येते. चोखायला काय शिल्लकच नाही. शेवग्याच्या शेंगेत चोखणं गेलं तर मग भोपळा काय वाईट!

माझ्या आधी तिथं एक तेलुगू बाई शेंगा निवडत होत्या, वयानं माझ्या आईएवढ्या, साडीवर जाड जॅकेट, खाली स्नो बूट. एकेक शेंग दोन टोकांना धरून हलकी पिळायच्या, कापड पिळतो तशी. जी वळली ती पिशवीत, जी ताठ राहिली ती परत खोक्यात. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी मला एक शेंग हातात देऊन पिळून दाखवली. मला येत होतं, पण मी बऱ्या मुलीसारखं शिकून घेतलं. आमच्याकडं आणखी एक बघतात, शेंगेवरून बोट फिरवायचं. बियांचे उंचवटे बोटाला टोचायला लागले तर ती जून, आतली बी कडक झालेली असणार आणि साल शिजता शिजत नाही. अगदी बारीक, काडीसारखी असली तर उलटा लोचा, आत गरच धरलेला नसतो. आपल्याला हवी करंगळीपेक्षा जरा जाड, अंगानं भरलेली, पण गुळगुळीत.

त्या बाईंनी कढीपत्त्याची मूठ भरताना एक गंमत सांगितली, अर्ध्या इंग्लिशमध्ये. त्यांच्यात म्हणतात म्हणे, अमक्यानं मला करिवेपाकूसारखं काढून टाकलं. म्हणजे फोडणीत आधी मान कढीपत्त्याचा, त्याच्याशिवाय स्वयंपाक नाही, आणि जेवताना पहिला ताटाच्या कडेला जाणारा पण तोच. मी हसले. घरी येईपर्यंत मात्र ते डोक्यात राहिलं, कारण आमच्या घरात कढीपत्त्यावरनं एक मोठं राजकारण झालेलं आहे.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, नदीकडं उतरणाऱ्या बाजूला. पुढं दोन खोल्या, मागं परडं. परड्यात आमचा शेवगा. भिंतीपलीकडं शेजारच्या वैनींचा कढीपत्ता. आजी त्याला कडीलिंब म्हणायची. कडुलिंबासारखी पानं दिसतात म्हणून ते नाव पडलेलं, पण गंमत अशी की कडुलिंबाचं आणि त्याचं काही जवळचं नातं नाही, तो घराण्यानं खऱ्या लिंबाकडचा, कागदी लिंबू, मोसंबी, संत्र्याचा भाऊबंद. हे मला कधी कळलं ते पुढं सांगते.

तर व्यवहार असा होता की त्यांचा कढीपत्ता आम्हाला आणि आमच्या शेंगा त्यांना. पैशाचा प्रश्नच नव्हता. फोडणीचं तेल तापत ठेवायचं आणि मग आई मला ओरडायची, "पळ, दोन डहाळ्या घेऊन ये", आणि मी भिंतीवर चढून, "वैनी, घेऊ काय?" असं नुसतं विचारल्यासारखं करायची. उत्तर यायच्या आत हातात असायचं. शेंगांचं तसंच, फेब्रुवारी-मार्चात झाड लगडलं की आई आकडी घेऊन काढायची आणि पहिली जुडी भिंतीवर. झाडावर चढायला मात्र सक्त मनाई. शेवग्याचं लाकूड म्हणजे नुसता भेंड, फांदी दिसते मनगटाएवढी आणि पाय ठेवला की काडकन. "दारात शेवगा लावू नये" असं जे जुनी माणसं म्हणतात ना, त्यात भुताखेतांचं ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं, मला वाटतं कुणाची तरी पोरं पडली असणार. म्हणून बाबा दरवर्षी शेंगा संपल्या की छातीएवढा बुंधा ठेवून झाड छाटून टाकायचे, बघणाऱ्याला वाटावं मेलं आता, आणि दोन महिन्यांत परत छत्री.

मग भांडण झालं. विषय सांडपाण्याचा, त्यांच्या न्हाणीचं पाणी आमच्या परड्यात मुरतं का नाही एवढाच, पण दोन वर्षं अबोला. शेंगा भिंतीवर जायच्या बंद, कढीपत्ता बंद. आई मंडईतनं आणायला लागली, कपिलतीर्थ मार्केटमध्ये भाजी घेतली की भाजीवाली मावशी वर दोन काड्या अशाच टाकायची, ते पुरवून पुरवून वापरायची. आणि अशात एक दिवस आमच्या बाजूला, भिंतीच्या अगदी बुडाला, एक कोंब आला. तांबूस, बोटभर. आम्हाला वाटलं कडुलिंब असेल. आईनं पान चुरगाळून वास घेतला आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. कढीपत्त्याच्या मुळांना असे फुटवे येतात, खोडापासून हात-दीड हातावर जमिनीतनं वर येतात, ती मुळं भिंतीखालनं आमच्याकडं आलेली. आई म्हणाली, "आता हे कुणाचं म्हणायचं गं?"

तिनं तो उपटला नाही आणि वर्षभर त्याचं एक पानही तोडलं नाही. मला त्या वयात हे कळायचंच नाही, झाड आपल्या जागेत आहे ना, मग तोडा की! पुढं वैनींच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी दोघींना एका पंगतीत बसवलं आणि ते सगळं मिटलं. दुसऱ्या दिवशी आईनं पहिल्यांदा आमच्या बाजूच्या कढीपत्त्याची पानं तोडली, तीसुद्धा भिंतीवरनं "वैनी, घेतो गं दोन पानं" म्हणून. (हो, घेतो. आम्ही कोल्हापूरच्या बायका आलो-गेलो-घेतोच म्हणतो. पुण्यात हॉस्टेलला असताना यावरनं माझी भरपूर टिंगल झालीय, आता लिहिताना मी सुधारलेय पण आईचा फोन आला की दोन मिनिटांत "मी जेवलो" सुरू.)

आई-बाबा २०१७ ला इकडं आले तेव्हा आईनं बॅगेत चटणी आणली, आमची कांदा-लसणाची, डंकावर कुटलेली, आणि त्या चटणीच्या पिशवीला वर्तमानपत्रात गुंडाळून कढीपत्ता. विमानतळावर बॅग उघडली. अधिकाऱ्यानं चटणीचा वास घेतला, शिंकला, आणि ती सोडून दिली. कढीपत्ता मात्र ठेवून घेतला. आई मला बाहेर आल्यावर सांगत होती, "अगं पाला हाय नुसता, त्येला म्हटलो, तर त्यो नुसतंच नो मॅडम, नो मॅडम." तिला तो अपमान फार लागला. चटणीपेक्षा पाला जास्त डेंजर कसा काय, हे मलापण तेव्हा समजलं नव्हतं, म्हणून मी नंतर वाचलं.

तर त्याचं कारण तिळाएवढा एक किडा. सिट्रस सायला म्हणतात त्याला, आपल्याकडं विदर्भातल्या संत्रेवाल्यांना चांगला माहीत आहे. त्याला अंडी घालायला लागते कोवळी पालवी, आणि लिंबाच्या घराण्यातली बरीच झाडं त्याला चालतात, कढीपत्ता तर फारच आवडतो. रस शोषताना तो एका झाडातले जिवाणू दुसऱ्या झाडात सोडतो आणि मग संत्र्याची पानं पिवळी पडतात, फळं वाकडी, अर्धी हिरवी राहतात, आणि काही वर्षांत झाड जातं. त्याच्यावर खात्रीचा उपाय नाही. फ्लोरिडात हा किडा १९९८ ला सापडला, रोग २००५ ला, आणि तिथल्या संत्र्याच्या बागांची पुढं पार वाट लागली. कढीपत्ता स्वतः त्या रोगानं आजारी पडत नाही म्हणा, पण किडा आणि त्याची अंडी पानाच्या बगलेत बसून आरामात प्रवास करतात. म्हणून भारतातनं ताजा कढीपत्ता आणायला बंदी. इथं दुकानात येतो तो अमेरिकेतच, हवाईसारख्या गरम भागात पिकवलेला. थंडीत कमी येतो आणि कधी कधी महिनामहिना येतच नाही. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या कडीपत्त्याला कीड न्हवती." विषय संपला.

मी तो इथं लावायचाही प्रयत्न केलाय. दुकानातल्या डहाळीला पाण्यात ठेवलं की मुळं फुटतील, पुदिन्याला फुटतात तशी, या आशेवर खिडकीत ग्लास ठेवला. तीन आठवडे. पाणी बदलायचं, उजेडाकडं फिरवायचं. पानं एकेक करून गळाली आणि मधली काडी काळी पडली. मग कळलं की आपण जिला डहाळी म्हणतो ती मुळात डहाळी नसतेच, ते एकच पान असतं! मधल्या शिरेला दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस पर्णिका, म्हणजे आपण ज्यांना पानं म्हणतो ती पानाचे तुकडे. त्या काडीला डोळाच नसतो, मग कोंब फुटणार कुठनं? झाड करायचं तर काळं पिकलेलं फळ ताजं असतानाच पेरावं लागतं, वाळवून महिनाभर ठेवलं की बी सहसा उगवत नाही. नाहीतर मग मुळाचा फुटवा. भिंतीखालनं येतो तसा.

शेवग्याची गोष्ट वेगळी. आमचा शेवगा २०१९ च्या पुरात गेला. त्या ऑगस्टमध्ये मी रात्री रात्री जागून राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत होते, ४३ फुटाला धोका असतो आणि पाणी ५५ च्या वर गेलं. आई-बाबा राजारामपुरीत मावशीकडं गेलेले, म्हणून मला माणसांची काळजी नव्हती, तरी आकडा बघत बसायचे. घरात कमरेएवढं पाणी, परड्यात त्याहून जास्त, आणि ते दिवसच्या दिवस उतरलंच नाही. शेवगा कोरड्यात जगणारा गडी, उन्हाळाभर पाणी नसलं तरी शेंगा देईल, पण पाण्यात पाय ठेवून उभं राहणं त्याला जमत नाही, मुळं कुजतात. पाणी उतरल्यावर आठवड्यात सगळी पानं पिवळी झाली. बाबा म्हणाले, छाटू या, फुटंल. छाटला, तर बुंध्याला हात लावला तिथं साल सुटून आली, आतनं आंबलेला वास. गणपतीच्या आसपास कधीतरी रात्री आडवा झाला, भिंतीवरच पडला. वैनींनी तोवर घर विकलेलं होतं. नव्या लोकांनी तिकडं फरशी घालून गाडी लावायला जागा केलीय, कढीपत्त्याचं मोठं झाड त्यात गेलं.

आमच्या बाजूचा फुटवा मात्र आहे. पुरात तोही वाळला होता, पण पुढच्या उन्हाळ्यात बुडातनं परत आला.

तर गुरुवारचं. पाच शेंगा घेतल्या आणि कढीपत्त्याच्या दोन मुठी. घरी येऊन कढीपत्ता धुतला नाही, ओला ठेवला की काळा पडतो, कागदात गुंडाळून डब्यात घातला आणि अर्धा लगेच फ्रीजरला. फ्रीजरमधला काळपट दिसतो, तो न वितळवता थेट गरम तेलात टाकला तर बराचसा वास राहतो. वाळवला तर काहीच राहत नाही, नुसता पालापाचोळा.

तुरीची डाळ वाटीभर कुकरला लावली. शेंगा डाळीबरोबर कुकरात घालायच्या नाहीत, हे मी एकदा घालून शिकलेय, तीन शिट्ट्यांत सगळं फुटलं होतं आणि डाळीत दोरेच दोरे, नवऱ्यानं पहिल्या घासाला विचारलं की यात झाडू पडला का. शेंगांचे बोटभर तुकडे करायचे, पण सुरी आरपार न्यायची नाही. शेवटचा पापुद्रा ठेवून तुकडा ओढायचा म्हणजे साल दोऱ्यासारखी निघून येते. सगळी काढायची नाही हं, अर्धीमुर्धी, नाहीतर तुकडा उभा राहत नाही. मग मीठ-हळद घालून बेताच्या पाण्यात दहा-बारा मिनिटं. तुकडा चमच्यानं दाबला तर दबला पाहिजे पण फाटता कामा नये, आणि ते पाणी फेकायचं नाही, सगळी चव त्यात उतरलेली असते. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं, हिंग, पाच पाकळ्या ठेचलेला लसूण, आणि मग कढीपत्ता. चर्रर्र झालं आणि स्मोक अलार्म वाजला. खिडकी उघडली तर बर्फाचं वारं आत, मी एका हातानं टॉवेल हलवतेय आणि दुसऱ्या हातानं चटणी घालतेय दीड चमचा, ती जळायच्या आत शेंगांचं पाणी ओतलं, मग डाळ, चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, शेवटी दाण्याचं कूट. एक उकळी.

लेक सात वर्षांची, जन्म इथलाच. तिला तुकडा कसा खायचा माहीत नव्हतं, काटा टोचून अख्खा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत बसली, मग घाबऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघायला लागली. मी दाखवलं. दोन बोटांत धरायचा, अंगठ्यानं उघडायचा, तो तीन पाकळ्यांत फाटतो, एकेक पाकळी दाताखाली ओढायची, गर तोंडात, चोथा बाहेर.

"थुंकायचं? ताटात?"

"हो, ताटात."

तिला हे एवढं आवडलं की आमटीपेक्षा चोथ्याच्या ढिगाकडंच लक्ष. कढीपत्ता मात्र तिनं एकेक पान शोधून कडेला काढून ठेवला. मला त्या तेलुगू बाई आठवल्या. मी ती पानं उचलून माझ्या भातात घेतली, दोन डॉलरची होती म्हणून असेल किंवा कशानं असेल.

आठ वाजता आईला फोन लावला, तिकडं सकाळचे साडेसहा, चहा ठेवलेला. कॅमेऱ्यात तिला कढई दाखवली.

"शेवगा? ताजा? कुठनं आणलीस?"

"दुकानात आलाय आई. कडीपत्तापण."

"काय दर?"

खोटं सांगायचं मनात आलं होतं. पण सांगितलं, पाच शेंगा सहा डॉलर. आई गप्प झाली, तोंडातल्या तोंडात गुणाकार चाललेला दिसत होता. मागनं बाबांचा आवाज आला, "पाचशेच्या वर झालं की गं!"

"म्हणजे एक शेंग शंभर रुपयाला?" आई म्हणाली. "आमी हिकडं धा-वीस रुपयाची घेताना जीव जातोय माझा. जल्मात शेंग इकत आणलो न्हवतो." मग चहाचा एक घोट घेतला आणि स्क्रीनजवळ येऊन लेकीच्या ताटातला चोथा बघायला लागली.

"त्यो बघ, त्यो कडंचा. त्याच्यात गर हाय अजून. सांग तिला, नीट चोख म्हणावं."